पांढरा धागा, काळा धागा : कुराणातल्या सूरह बकराच्या १८७व्या आयतीचा मराठी अर्थ करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनुवादाच्या चर्चेसाठी हीच आयत का?

कारण या आयतीचा शब्दशः अर्थ घेतल्यामुळे खुद्द पैगंबरांच्या काळात, अरबी ज्यांची मातृभाषा होती अशा माणसांची गल्लत झाली होती आणि ती नोंदलेली आहे. तेव्हा ‘शब्दाला धरून राहावं की अर्थ उलगडून सांगावा’ हा वाद इथे हवेत राहत नाही. सहरी, म्हणजे रोज्याआधीचं पहाटेपूर्वीचं जेवण, कधी थांबवायची, या अगदी रोजच्या प्रश्नाशी तो येऊन भिडतो.

रमजानच्या रोज्याविषयीच्या आयती १८३ पासून सुरू होतात. १८७वी त्यांतली लांबलचक आयत आहे. तिच्यात रात्रीची मुभा, पहाटेची हद्द, रोजा सोडण्याची वेळ आणि मशिदीतला एतिकाफ, म्हणजे उपासनेसाठीचा मुक्काम, असं सगळं येतं. आपण मुख्यतः तिच्या मधल्या तुकड्याकडे पाहू.

मूळ शब्द काय आहेत?

देवनागरीत लिहायचं तर असे : *व कुलू वश्रबू हत्ता यतबय्यन लकुमुल्-खैतुल्-अब्यदु मिनल्-खैतिल्-अस्वदि मिनल्-फज्र, सुम्म अतिम्मुस्-सियाम इलल्-लैल.*

एकेक शब्द सुटा करून : ‘आणि खा’, ‘आणि प्या’, ‘इथपर्यंत की’, ‘स्पष्ट व्हावा’, ‘तुम्हाला’, ‘धागा पांढरा’, ‘पासून’, ‘धागा काळा’, ‘पासून किंवा पैकी’, ‘फजर, म्हणजे पहाट’, ‘मग पूर्ण करा’, ‘रोजा’, ‘पर्यंत’, ‘रात्र’.

यातला ‘मिन’ हा छोटासा शब्द लक्षात ठेवा. तो ओळीत दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा त्याचं काम वेगळं आहे. पहिला ‘मिन’ एक वस्तू दुसरीपासून वेगळी काढतो. दुसऱ्या ‘मिन’ला व्याकरणकार खुलाशाचा ‘मिन’ म्हणतात. आधी सांगितलेली वस्तू कशातली, हे तो सांगतो. म्हणजे पांढरा धागा कुठला? फजरचा.

शब्दशः अर्थ घेऊन गल्लत झाली, ती नेमकी कोणाची?

अदी इब्न हातिम यांची. आपल्याकडे गोष्टींमधून घराघरांत पोचलेला दानशूर हातिमताई, त्याचे हे चिरंजीव, तय्य टोळीचे प्रमुख. आधी ख्रिस्ती होते, पैगंबरांच्या शेवटच्या वर्षांत मुसलमान झाले. हदीसा, म्हणजे पैगंबरांच्या वचन-कृतींच्या नोंदी, गोळा करणाऱ्या बुखारींच्या संग्रहात त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत आहे. ही आयत ऐकून त्यांनी उंटाचा पाय बांधायची दोन दावी घेतली, एक काळं, एक पांढरं. ती उशीखाली ठेवली आणि रात्रभर पुन्हा पुन्हा पाहत राहिले, पण वेगळेपण काही कळेना. सकाळी त्यांनी हे पैगंबरांना सांगितलं. त्यावर उत्तर मिळालं, त्याचा आशय असा की तुमची उशी फारच लांबरुंद दिसते, तिच्याखाली ते दोन धागे मावले म्हणजे! मग खुलासा केला : ती रात्रीची काळोखी आणि दिवसाचा उजेड.

दुसरी हकीकत सहल इब्न साद यांची. ते सांगतात की आधी आयत ‘काळ्या धाग्यापासून’ इथपर्यंतच उतरली होती. लोक पायांना पांढरा आणि काळा धागा बांधायचे आणि ते वेगळे दिसेपर्यंत खात राहायचे. मग ‘मिनल्-फज्र’ हे शब्द उतरले आणि इथे रात्र आणि दिवस अभिप्रेत आहेत हे त्यांना कळलं.

या दोन हकीकती एकमेकींशी सहज जुळत नाहीत. अदी आले तेव्हा ‘मिनल्-फज्र’ हे शब्द उतरून बराच काळ लोटला असणार. मग हा शब्द समोर असूनही ते कसे चुकले? भाष्यकारांनी दिलेलं एक उत्तर अनुवादकाला फार उपयोगी आहे : अदींनी दुसऱ्या ‘मिन’चा अर्थ ‘मुळे’ असा घेतला असावा. पहाटेच्या उजेडामुळे दोन धागे वेगळे ओळखू येईपर्यंत, असा. व्याकरणाच्या दृष्टीने हा अर्थ बसतो, आणि तसा घेतला की उशीखालची दावीही बरोबर ठरतात. सगळा घोळ एका अव्ययाचा.

मग मराठीत शब्दाला शब्द ठेवला तर काय होतं?

हा पहिला मसुदा पाहा :

‘आणि खा व प्या, जोपर्यंत तुम्हाला पांढरा दोरा काळ्या दोऱ्यापासून स्पष्ट होत नाही, पहाटेपासून.’

यात एकही अरबी शब्द गाळलेला नाही. पण ‘पहाटेपासून’ शेवटी लोंबकळत राहतो. वाचणाऱ्याला वाटेल, खाणं पहाटेपासून सुरू करायचं आहे की काय! म्हणजे नेमका उलटा हुकूम. अरबीत विशेषण आणि खुलासा नामाच्या मागून येतात, त्यामुळे तिथे शेवटचा शब्द मागे वळून धाग्याला चिकटू शकतो. मराठीत विशेषण नामाच्या आधी लागतं. क्रम तसाच ठेवण्याचा हट्ट धरला, तर शब्द राहतात पण वाक्य मरतं.

दुसरी अडचण ‘दोरा’ या शब्दाची. आपल्याकडे काळा दोरा म्हटलं की दृष्ट लागू नये म्हणून मुलाच्या पायात किंवा कमरेला बांधतात तो आठवतो. गंडेदोरे आठवतात. त्यात सहल यांच्या हकीकतीत लोक खरोखरच पायाला धागे बांधताना दिसतात. ती तळटीप वाचून मराठी वाचकाचा भलताच समज व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून इथे ‘धागा’ बरा. त्याला असा कुठलाही वास नाही.

त्यापेक्षा ‘उजाडेपर्यंत खा’ असं सरळ का लिहू नये?

बऱ्याच जणांना हेच योग्य वाटतं, आणि वाचायला ते सोपंही आहे. माझा त्याला विरोध दोन कारणांनी आहे.

एक म्हणजे त्यात चित्र नाहीसं होतं. क्षितिजाला लागून उजेडाची एक बारीक आडवी कड उमटते आणि तिला चिकटून रात्रीची काळी कड असते. ‘धागा’ हा शब्द त्या बारीकपणासाठी आहे. आभाळ भरून उजेड येण्याची वाट पाहायची नाही, पहिली कड दिसली की हात थांबवायचा, हे त्यातून कळतं. ‘उजाडेपर्यंत’मध्ये तो बारीकपणा उरत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. मराठीत पहाटेसाठी शब्दांची रेलचेल आहे आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. ‘पहाट’ तर आपण साडेतीनलाही म्हणतो, तेव्हा आभाळ काळंकुट्ट असतं. ‘झुंजूमुंजू’ म्हणजे समोरचं माणूस अंधुक दिसू लागतं ती वेळ. ‘तांबडं फुटलं’ तर आणखी उशिराचं. अनुवादकाने हौसेने ‘तांबडं फुटेपर्यंत खा’ असं लिहिलं, तर वाक्य अस्सल मराठी होईल आणि फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या, बहुतेक सर्व परंपरांच्या हिशेबाने वाचकाचा रोजा जाईल, कारण त्यांची हद्द पांढऱ्या उजेडाची आहे आणि लाली त्यानंतर येते. ‘फटफटणं’ या क्रियापदात पांढरेपणा आहे म्हणून ते मला सर्वांत जवळचं वाटतं, पण कुणी ‘फटफटीत उजाडलं’ म्हणून ऐकलं तर तेही लांबच जातं.

थोडक्यात, चित्र काढून टाकून त्याजागी वेळेचा शब्द घातला की ती वेळ कोणती हे आपण आपल्या बोलीवर सोपवतो. आयतीने ती बोलीवर सोपवलेली नाही, डोळ्यांवर सोपवली आहे.

म्हणजे शेवटी तुम्ही काय लिहिता?

‘आणि खा, प्या, पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून तुम्हाला स्पष्ट वेगळा दिसेपर्यंत. मग रात्र लागेपर्यंत रोजा पूर्ण करा.’

इथे ‘मिनल्-फज्र’ शेवटून उचलून ‘पांढरा धागा’च्या आधी आणला आहे. ही हलवाहलव दिसायला साधी असली तरी तो अर्थनिर्णय आहे, हे मान्य केलं पाहिजे. ‘पहाटेचा’ म्हटल्यावर अदींना दिसलेला ‘पहाटेमुळे’ हा अर्थ मराठी वाचकापुरता बंद होतो. मी तो जाणूनबुजून बंद करते, कारण पैगंबरांनी स्वतःच तो बंद केला आहे. असा आधार नसता, तर दोन्ही अर्थ तळटीपेत द्यावे लागले असते.

आता ‘काळ्या धाग्या’ला ‘रात्रीचा’ असं विशेषण का लावलं नाही, असं विचारलं जातं. मुळात ते नाही म्हणून. बाराव्या शतकातले भाष्यकार जमख्शरी यांनी हा प्रश्न घेतला आहे. त्यांचं म्हणणं, एका धाग्याचा खुलासा झाला की दुसऱ्याचा आपोआप होतो. त्यांनी आणखी एक बारकावा दाखवला. ‘सिंह पाहिला’ असं म्हणून शूर माणूस सुचवला तर ते रूपक, पण कोणाविषयी बोलतो आहोत हे त्याच वाक्यात सांगितलं की ती उपमा होते. तसंच ‘मिनल्-फज्र’ आल्यामुळे धागा रूपक राहत नाही, उपमा होतो. म्हणजे आयतीने आपलं चित्र ठेवलं आणि दोन शब्दांत त्याचा खुलासाही पोटात घेतला. तेवढाच खुलासा मराठीतही मजकुरात राहावा. ‘रात्रीचा’ ही भर घालायला माझा हात धजत नाही.

कंसात ‘म्हणजे रात्रीची काळोखी’ असं लिहिलं तर काय बिघडतं?

फार नाही बिघडत, एखाद्याच वेळी. पण कंसाची सवय लागते. हळूहळू प्रत्येक ओळीत दोन-तीन कंस येतात आणि वाचक मोठ्याने वाचताना ते कंसासकट वाचतो. ऐकणाऱ्याला कंस ऐकू येत नाही. मग भाष्यकाराचं म्हणणं आयतीच्या तोंडी जातं. कंसात फक्त मराठी वाक्य उभं राहायला लागणारा शब्द असावा, म्हणजे अरबीत अध्याहृत असलेलं सर्वनाम किंवा क्रियापद. मत, हकीकत आणि वेळेचा खुलासा तळटीपेत जावा.

उर्दूत हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांच्या दोन मुलांनी दोन वाटा धरल्या. शाह रफीउद्दीन यांनी अरबी क्रम जवळजवळ जसाच्या तसा ठेवून लफ्जी तर्जुमा केला. शाह अब्दुल कादिर यांनी चालत्या बोलीतला बामुहावरा तर्जुमा केला आणि खुलासे बाजूला दिले. उर्दू वाचणाऱ्यांना आजही दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या कामांसाठी : एक मूळ अरबी शब्द शोधायला, दुसरा अर्थ समजायला.

‘लकुम’, म्हणजे ‘तुम्हाला’, गाळला तर चालेल का? मराठीत तो ओघाने येतोच.

नाही. हा शब्द गाळायचा मोह होतो आणि बहुतेकदा तो गाळला जातोच. पण ‘स्पष्ट होईपर्यंत’ आणि ‘तुम्हाला स्पष्ट होईपर्यंत’ यांत फरक आहे. बऱ्याच फकीहांनी, म्हणजे धर्मनियमांच्या जाणकारांनी, याच शब्दांवरून असं म्हटलं की पहाट झाली की नाही याबद्दल नुसती शंका असेल, तर खाणाऱ्याला दोष नाही, कारण त्याला अजून स्पष्ट झालेलं नाही. इमाम मालिक यांच्या परंपरेत अशा वेळी अधिक सावध भूमिका आहे. हा सगळा वाद तळटीपेतही द्यायची गरज नाही, पण तो ज्या शब्दावर उभा आहे तो शब्द मजकुरात हवा. जिथे मतभेदाचं मूळ एका शब्दात आहे, तिथे तो शब्द भाषांतरात दिसलाच पाहिजे, भले वाक्य थोडं जड होवो.

‘सियाम’साठी ‘उपवास’ का नाही?

साबुदाण्याच्या खिचडीमुळे. विनोद नाही. मराठी ‘उपवासा’त फराळ आहे, शेंगदाणे आहेत, चहा तर आहेच. ‘निर्जळी उपवास’ म्हटलं तर पाण्याचा प्रश्न सुटतो, पण तो बहुधा अहोरात्र असतो आणि इथे रात्री खाण्याची उघड मुभा आहे. ‘रोजा’ फारसी आहे, अरबी नाही. पण कोकणापासून मराठवाड्यापर्यंत सगळ्यांना, मुसलमानेतरांनाही, तो कळतो. इथे भाषांतर न करणं हेच भाषांतर.

‘रात्रीपर्यंत’ म्हणजे आठ-नऊ वाजेपर्यंत उपाशी राहायचं का?

या ओळीला तळटीप लागतेच. मराठी माणसाच्या डोक्यात संध्याकाळ हा एक स्वतंत्र प्रहर आहे. दिवेलागण होते, तिन्हीसांजा होतात, मग रात्र. अरबी ‘लैल’ सूर्य बुडाला की लागते. हजरत उमर यांच्याकडून आलेल्या हदीसेत हे स्पष्ट आहे : इकडून रात्र आली, तिकडून दिवस गेला आणि सूर्य मावळला की रोजेदाराचा रोजा सुटला. शिया फिक्हमध्ये पूर्वेकडची लाली जाईपर्यंत थांबतात, म्हणजे आणखी काही मिनिटं.

मजकुरात ‘सूर्यास्तापर्यंत’ लिहावं का? सोयीचं आहे, पण मग दुसऱ्या परंपरेचा वाचक म्हणेल की तुम्ही आमचा अर्थ कापलात. ‘रात्र लागेपर्यंत’ यात निदान सुरुवातीचा क्षण सूचित होतो. बाकीचं काम तळटीप करते.

पुन्हा पुन्हा मूळ शब्दच ठेवायचा म्हणता, मग आयतीच्या पहिल्या भागातल्या, बायकांविषयीच्या ‘बाशिरूहुन्न’चं काय?

तिथे मी उलट बाजूला जाते. या शब्दाच्या मुळाशी ‘त्वचा’ आहे. शब्दशः अर्थ ‘त्यांच्या त्वचेला त्वचा लावा’ असा काहीसा होईल. अरबीत हा संकोच राखून केलेला निर्देश आहे. त्याचा मराठीत शब्दशः अर्थ केला तर तो अचानक उघडावाघडा वाटतो, आणि वर हुकूम फक्त स्पर्शापुरता आहे असा गैरसमज होतो. इब्न अब्बास यांनी म्हटलंच आहे की अशा ठिकाणी अल्लाह सूचक शब्द वापरतो. म्हणून मराठीतलाही सूचक शब्द घ्यावा : ‘त्यांच्याशी संग करा’ किंवा ‘त्यांच्याजवळ जा’. मला ‘संग’ बरा वाटतो. तो कीर्तनापासून कोर्टापर्यंत सगळीकडे चालतो आणि ‘जवळ जा’पेक्षा त्याचा अर्थ पक्का आहे.

त्याच वाक्यात ‘आता’ असा शब्द आहे : *फल्-आन*, ‘तर आता’. हा ‘आता’ कशाच्या तुलनेत? सुरुवातीला रिवाज असा होता की रोजा सोडायच्या वेळी झोप लागली, तर ती रात्र आणि दुसरा पूर्ण दिवस खायचं नाही. कैस इब्न सिरमा नावाचे अन्सारी दिवसभर काम करून घरी आले, बायको अन्न शोधायला गेली तेवढ्यात त्यांचा डोळा लागला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना भोवळ आली. बुखारींनी हे बरा इब्न आजिब यांच्याकडून दिलं आहे. ही तळटीप नसेल तर ‘आता’ हा शब्द वाचकाला निरर्थक वाटतो, आणि काही अनुवादक तो सरळ गाळतात. माझ्या मते या आयतीला लागणाऱ्या तळटीपांत ही पहिली.

आणि ‘त्या तुमच्यासाठी वस्त्र आहेत, तुम्ही त्यांच्यासाठी वस्त्र आहात’ या ओळीला कसलीच टीप देऊ नये. भाष्यकारांनी वस्त्राचे अर्थ सांगितले आहेत : निवारा, झाकण, जवळीक. मराठी वाचकाला ते तिघेही शब्दातूनच मिळतात.

‘पहाट’ नेमकी कोणती, हे तळटीपेत किती सांगावं?

दोन पहाटा असतात, एवढं सांगावं. पहिल्यांदा आभाळात उभा, निमुळता उजेड दिसतो. अरब त्याला लांडग्याच्या शेपटीची उपमा देत. ती खोटी पहाट, फज्र काजिब. थोड्या वेळाने क्षितिजालगत आडवा उजेड पसरतो, ती खरी, फज्र सादिक. हदीसेतही इशारा आहे की बिलाल यांच्या पहाटेआधीच्या अजानेने किंवा उभ्या उजेडाने थांबू नका. आयतीतला पांढरा धागा हा आडवा उजेड.

मशिदीतल्या वेळापत्रकात ही वेळ सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर आहे यावरून काढतात. आपल्याकडे बहुधा १८ अंश धरतात. मुंबईत मार्चच्या आसपास तो क्षण सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधी येतो. १५ अंश धरणाऱ्या वेळापत्रकात तो जवळपास १२-१३ मिनिटं उशिरा येईल. हे आकडे अनुवादाच्या तळटीपेत घालू नयेत. ते गणित नंतरचं आहे, आणि ज्याला सहरी थांबवायची आहे तो वेळापत्रक पाहतो, अनुवाद नाही.

लंडनला राहणाऱ्या आमच्या मुलीने विचारलं : उन्हाळ्यात इथे रात्र पूर्ण काळी होतच नाही, मग धागा कसा दिसणार? यासाठी अनुवादात काही सोय करता येईल?

तिचं निरीक्षण बरोबर आहे. मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लंडनमध्ये सूर्य १८ अंश खाली जातच नाही. तिथले उलेमा त्यासाठी वेगवेगळे तोडगे काढतात : कुणी कमी अंश धरतात, कुणी रात्रीचे भाग पाडून हिशेब करतात. तिने आपल्या मशिदीचं वेळापत्रक पाळावं. अनुवादात मात्र तिच्यासाठीही पांढरा धागा आणि काळा धागाच राहतील.